कॉम्प्रेसर बंद करून पुन्हा सांगतो: आमच्या मशिन शॉपमधल्या सगळ्यांना खुलं पत्र

मंडळी,

परवा शनिवारी साडेतीनला, शिफ्ट बदलताना, मी तुम्हाला दहा-बारा मिनिटं उभं करून बोललो. कॉम्प्रेसर चालू होता, मागच्यांना अर्धं ऐकू गेलं नाही आणि नाइटची पोरं तर घरी झोपली होती. सोमवारी सकाळी चहाच्या गाड्यावर मला दुसऱ्याच शॉपचा माणूस विचारतो, ‘काय मालक, मशिना विकायला काढल्या म्हणे?’ म्हणजे मी बोललो एक आणि शिरोलीत पोचलं भलतंच. म्हणून आता सगळं लिहून काढतोय. हे पत्र नोटीस बोर्डवर राहील. बाहेरच्या कुणी वाचलं तरी हरकत नाही, लपवण्यासारखं यात काही नाही.

आधी ज्याची सगळ्यांना धास्ती आहे ते सांगतो. कुणालाही काढणार नाही, कुणाचा पगार कमी करणार नाही. मशिन विकायला काढलेलं नाही. पण तिसरी शिफ्ट या महिन्यापासून बंद आणि ओव्हरटाइमही बंद. ज्यांच्या घरी महिन्याला तीन-चार हजार ओव्हरटाइमचे जात होते, त्यांच्यासाठी हा पगार कमी होण्याचाच प्रकार आहे, हे मला कळतं. तुम्हाला ते गोड करून सांगत नाही.

आता हे का झालं. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत आपलं बिलिंग २७ लाख झालं. एरवी महिन्याला साडेबारा लाखांच्या आसपास होतं, म्हणजे तीन महिन्यांत साडेसदतीस व्हायला हवं होतं. साडेदहा लाखांचा खड्डा. जुलैत १० लाख २० हजार, ऑगस्टमध्ये ८ लाख १० हजार, सप्टेंबरमध्ये ८ लाख ७० हजार. जुलैतली घट आपल्या हातात नव्हती. गिऱ्हाइकानं छोट्या हबचं जुनं मॉडेल बंद केलं आणि नव्याचं पॅटर्न फाउंड्रीत अडकलं. ते होत असतं. ऑगस्टची घट मात्र आपल्या हातून झाली आणि त्यावरच मला जास्त लिहायचं आहे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्या हबचे ६४० पीस गेले. गिऱ्हाइकाच्या लाइनवर बेअरिंग दाबल्यावर हब हातानं फिरवला तर जड फिरायला लागला. त्यांनी लॉट थांबवला, माणसं लावून सॉर्टिंग केलं आणि २१२ पीस बाजूला काढले. आपल्याकडचे रिपोर्ट बघितले तर बोअर, म्हणजे बेअरिंग बसतं ते भोक, सगळा ओके. ७२ मिलिमीटरचा बोअर, वर ३० मायक्रॉनची सूट, आणि आपली मापं ७२.०१२, ७२.०१५ अशी मधोमध. पहिल्या दिवशी मी फोनवर त्यांच्याशी भांडलो, की तुमचं बेअरिंग खराब असेल. मग आपली क्वालिटीची ताई आणि मी दोन पीस घेऊन त्यांच्या सीएमएमवर, म्हणजे मापं घ्यायच्या मशिनवर, गेलो. बोअर गोल नव्हता. तीन ठिकाणी फुगलेला, तीन ठिकाणी दबलेला. ड्रॉइंगला १५ मायक्रॉनपर्यंत चालतं, आपल्यात ३८ निघाले.

आपल्या बोअर गेजला हे का दिसलं नाही, हे प्रत्येकानं समजून घ्यायला हवं. मलाही ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं, पंचवीस वर्षं या धंद्यात काढून. मशिनवर पीस पकडणाऱ्या चकला तीन जॉ. जॉ दाबतात तिथं हबची भिंत किंचित आत ढकलली जाते, कारण बोअरजवळ आपल्या पीसची भिंत जेमतेम सात मिलिमीटर आहे. दाबलेल्या अवस्थेत आपण बोअर गोल कापतो. मशिनवरच, चकमध्ये असतानाच, गेज टाकतो आणि माप बरोबर येतं, कारण तेव्हा तो गोलच असतो. चक सुटला की दाबलेली भिंत बाहेर येते. जॉखालच्या तीन जागा मोठ्या, मधल्या तीन लहान. आता गंमत बघा. एका जॉच्या बरोब्बर समोर काय येतं? दुसरा जॉ नाही, दोन जॉंच्या मधली जागा येते. आपलं डायल गेज दोन टोकांत मापतं. एक टोक फुगलेल्या जागी, दुसरं दबलेल्या जागी. बेरीज तीच. गेज सगळीकडे फिरवा, काटा हलत नाही. आपण खूश, आणि पीस वाकडा.

पण मग हे आधी कधी का झालं नाही? सेटअप शीटवर चकचं प्रेशर १२ किलो लिहिलं आहे. त्या आठवड्यात मशिनवर १८ निघालं. नाइटला कास्टिंगचा एक लॉट असा आला की पार्टिंग लाइनवर माल जास्त होता, रफिंगला पीस चकमध्ये सरकत होता. ज्यानं प्रेशर वाढवलं त्यानं पीस उडू नये म्हणून वाढवलं. पीस उडाला असता तर कुणाच्या तरी डोक्यात बसला असता. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण पीस सरकत का होता? जॉ झिजले होते. जॉ बदलायचे म्हणून सेटर मामांनी जूनमध्येच मला सांगितलं होतं आणि मी म्हटलं होतं, ‘महिनाअखेरपर्यंत ओढा.’ एक सेट २,४०० रुपयांचा. ते २,४०० मी वाचवले.

शनिवारी मी नाव घेतलं नाही, इथंही घेणार नाही. कुणाच्या पगारातून एक रुपया कापलेला नाही, कापणारही नाही. शॉपमध्ये ‘त्याच्यामुळं झालं’ म्हणून जी कुजबुज चालली आहे ती थांबवा. नाव घ्यायचंच असेल तर माझं घ्या.

त्या लॉटचं बिल असं आलं. कास्टिंग गिऱ्हाइकाचं असतं हे तुम्हाला माहीत आहे. सीआर निघालं, म्हणजे कास्टिंगचाच दोष, ब्लो होल वगैरे, तर ते फाउंड्रीच्या खात्यात. एमआर निघालं, म्हणजे मशिनिंगमध्ये पीस बिघडला, तर कास्टिंगचे पैसे आपल्याकडून वसूल. एका हबचं कास्टिंग ४८० रुपये. २१२ पीसचे १ लाख १ हजार ७६०. सॉर्टिंगच्या माणसांचे १८ हजार, लाइन थांबली त्याचे ४५ हजार, जाण्या-येण्याचं भाडं साडेसहा हजार. एकूण १ लाख ७१ हजार २६०.

एका पीसवर हे कसं बसतं ते शनिवारी मी घाईत सांगितलं आणि बऱ्याच जणांचे चेहरे कोरे होते, म्हणून पुन्हा. हब कापायचे आपल्याला ९० रुपये मिळतात. त्यातले इन्सर्ट, लाइट, कूलंट, पॅकिंग, टेम्पो मिळून २६ रुपये पीसबरोबरच जातात. हातात ६४ उरतात. पगार, मशिनचे हप्ते, बाकी सगळं या ६४ मधून. एक पीस एमआर झाला की कास्टिंगचे ४८० आणि त्यावर आधीच खर्च झालेले २६, असे ५०६ गेले. ते भरून काढायला आठ चांगले पीस कापावे लागतात, आणि ते आठ कापून घरात काहीच येत नाही. २१२ पीस म्हणजे जवळपास १,७०० पीस फुकट. दोन्ही सेटअप मिळून चौदा मिनिटं धरली तर एक मशिन वीस दिवस फुकट चाललं.

पैसे तरी एकदाच गेले. शेड्यूल मात्र तिथंच कापलं गेलं. ऑगस्टपासून त्यांनी मोठ्या हबचं निम्मं काम दुसऱ्या शॉपला दिलं. मला फोनवर इतकंच म्हणाले, ‘सेकंड सोर्स ठेवायला वरून सांगितलंय.’ वरून म्हणजे काय ते मलाही कळतं, तुम्हालाही.

आता महिन्याचा खर्च. आपल्याकडे चोवीस माणसं आहेत. पगार, पीएफ, ईएसआय, ओव्हरटाइम धरून ४ लाख ६० हजार. दोन नव्या मशिनांचे हप्ते १ लाख ३५ हजार. बँकेच्या सीसी कर्जाचं व्याज ४० हजार. मेंटेनन्स, हिशोबनीस, बाकी किरकोळ ७० हजार. हे सात लाख पाच हजार मशिन चालो वा न चालो, जातातच. (लाइटबिल मी यात धरलेलं नाही, पण त्यातलेही डिमांड चार्जेस मशिन बंद असताना लागतातच. एका रात्रीत दिवे बंद ठेवून लाइटबिल वाचत नाही, हे सुपरवायझर साहेबांना पुन्हा एकदा.) बिलाच्या शंभर रुपयांतले साधारण २९ पीसबरोबर जातात, ७१ उरतात. म्हणजे सात लाख पाच हजार भागायला महिन्याला दहा लाखांच्या जवळ बिल व्हायला लागतं. त्याच्या खाली गेलो की खिशातून. जुलैत आपण काठावर होतो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खाली. तीन महिन्यांचा तोटा १ लाख ९५ हजार, त्यावर हबचे १ लाख ७१ हजार. एकूण साडेतीन लाखांच्या थोडा वर, ३ लाख ६६ हजार.

तुमच्यातला एक जण शनिवारी म्हणाला, ‘मालक, तोटा साडेतीन लाख आणि तुम्ही म्हणताय पैशाची एवढी ओढाताण, हे जुळत नाही.’ बरोबर विचारलं. पैशाची ओढाताण तोट्याची कमी आणि उधारीची जास्त आहे. आपल्या बिलातला साठ टक्के भाग त्या एका गिऱ्हाइकाचा. पूर्वी ते साठ दिवसांनी द्यायचे, आता नव्वदच्या पुढं गेले आहेत. जूनमध्ये कापलेल्या मालाचे पैसे सप्टेंबरच्या शेवटी आले. म्हणजे आज जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर तिन्ही महिन्यांचे त्यांच्याकडचे १६ लाख २० हजार बाहेर आहेत. पगार मात्र त्या त्या महिन्यात द्यावा लागतो, इन्सर्टवाला तीस दिवस थांबतो, आणि जीएसटी तर बिल फाडलं की पुढच्या महिन्यात भरायचाच, पैसे आलेले असोत वा नसोत. सीसीची मर्यादा २० लाखांची, त्यातले १९ लाख ३० हजार उचललेले आहेत.

म्हणूनच ऑगस्टचा पगार सातऐवजी बारा तारखेला झाला. सात तारखेच्या आत पगार देणं हा कायदा आहे, माझी मेहरबानी नाही. ते पाच दिवस चुकले आणि ते मी आधी सांगायला हवं होतं. दहा तारखेला पैसे येतील म्हणून थांबलो, आले नाहीत. दोघांचे गाडीचे हप्ते त्यात बाउन्स झाले असं नंतर कळलं. त्या दोघांचा बँकेचा दंड या महिन्यात शॉप देईल, ऑफिसमध्ये पावती द्या. पीएफ आणि ईएसआयची चलनं वेळेत गेली आहेत. माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत नाही, मोबाइलवर उमंगमध्ये पासबुक उघडून बघा.

‘तक्रार का करत नाही?’ हेही विचारलं गेलं. छोट्या कारखान्यांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त उधारी चालत नाही, त्यावर बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येतं, सरकारी पोर्टलवर अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही नियम आलाय, की आमच्यासारख्यांचे पैसे वेळेत न दिले तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. त्याचा परिणाम दिसतो तो मार्चमध्ये. मार्च संपायच्या आत पटापट पैसे येतात आणि एप्रिलपासून परत ये रे माझ्या मागल्या. अर्ज मी आज भरू शकतो. पण ज्याच्याकडे साठ टक्के काम आहे आणि ज्यानं नुकताच सेकंड सोर्स उभा केलाय, त्याच्यावर अर्ज भरला तर हक्काचं व्याज मिळेल आणि नोव्हेंबरचं शेड्यूल जाईल. तुम्हाला हे भित्रेपण वाटेल. वाटू द्या. त्यांचा वाटा चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आला की मी अर्ज भरायला मोकळा असेन, आणि पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

तर पुढचं. दोन शिफ्ट चालतील, सकाळी सात ते साडेतीन आणि साडेतीन ते रात्री बारा. नाइटचे सहा जण या दोन शिफ्टमध्ये बसवले आहेत, यादी लावली आहे. बारा वाजता सुटणाऱ्यांसाठी हातकणंगल्याच्या बाजूला गाडी आधीसारखीच. ओव्हरटाइम गेल्यानं महिन्याचे ४० हजार वाचतात आणि काठ दहा लाखांवरून ९ लाख ४० हजारांच्या जवळ येतो. मी स्वतः महिन्याला ७० हजार उचलत होतो, ऑगस्टपासून काही उचललेलं नाही, पुढं ३० उचलेन. नव्या व्हीएमसी मशिनचं बुकिंग रद्द केलं.

ऑक्टोबरचं शेड्यूल हातात आहे, त्यावरून ९ लाख २० हजारांचं बिल होईल. म्हणजे अजूनही काठाच्या थोडं खाली. नोव्हेंबरपासून सांगलीकडच्या एका पंपवाल्याचं कव्हर आपल्याकडे येण्यासारखं आहे. महिन्याला साधारण २,४०० पीस, ३८ रुपये दर, म्हणजे ९१ हजारांचं काम. ३०० पीसची ट्रायल चालू आहे. अडचण एकच, आपला सायकल टाइम सहा मिनिटं चाळीस सेकंद आहे आणि ३८ रुपयांत परवडायला पाच पन्नास हवा. पन्नास सेकंद कमी करायचे. सेटर मामा म्हणतात, तीस सेकंद तर टूल हवेतच फिरतोय, ते प्रोग्रॅममधून निघतील, आणि दोन ड्रिल एका स्टेप ड्रिलमध्ये घेतले की उरलेले वीस. फीड वाढवून वेळ मारायचा नाही, हे मी लिहून देतो, कारण त्या कव्हरची भिंतही पातळच आहे.

हा पंपवाला मला आवडण्याचं आणखी एक कारण आहे. मोठी कंपनी आहे. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर नोंदणी करायला सरकारनं सांगितलं आहे आणि यांची झालेली आहे. आपण तिथं बिल टाकायचं, त्यांनी मान्य करायचं, मग बँका त्या बिलावर व्याजाची बोली लावतात आणि दोन-चार दिवसांत व्याज कापून पैसे आपल्या खात्यात. कंपनीनं पुढं बँकेला कधी द्यायचे ते त्यांचं ते बघतील, उशीर झाला तर बँक आपल्या दारात येत नाही. मात्र त्यांनी बिल मान्य करायला पंधरा दिवस लावले तर सगळी गंमत संपली. पहिल्या बिलावर ते कळेल.

बोनसबद्दल चुळबूळ आहे. बोनस गेल्या वर्षाचा, मार्चला संपलेल्या वर्षाचा आहे. त्या वर्षात तोटा नव्हता आणि कामही तुम्ही केलेलं आहे. मी १० टक्के बोललो होतो, तेच देणार. फक्त दिवाळीआधी कायद्याचे ८.३३ टक्के आणि उरलेले जानेवारीत. ज्याचा बोनस पंधरा हजारांवर धरला जातो त्याला दिवाळीआधी १४,९९४ मिळतील आणि जानेवारीत ३,००६. दोन हप्ते का, तर एकरकमी द्यायला आज पैसे नाहीत.

नोव्हेंबरअखेर बिल ९ लाख ४० हजारांच्या खालीच राहिलं तर काय? तर जुनं दोन नंबरचं सीएनसी विकेन. त्याचा हप्ता संपलेला आहे आणि त्याच्या स्लाइडमध्ये तसाही प्ले आलाय. त्यावरच्या माणसांना दुसऱ्या मशिनवर घेईन. माणसं कमी करायची वेळ आलीच तर ती फेब्रुवारीच्या आधी येणार नाही आणि आली तर दोन महिने आधी तोंडावर सांगेन. फेब्रुवारीच्या पुढचं वचन देण्याइतकं मला दिसत नाही.

हबच्या मशिनवर बदल असे. चकच्या रेग्युलेटरला कुलूप बसलं आहे, किल्ली सेटरकडे. पीस सरकायला लागला की प्रेशर वाढवायचं नाही, मशिन थांबवायचं आणि सेटरला बोलवायचं. तो वेळ उत्पादनात धरला जाणार नाही, सुपरवायझरनं विचारलं तर माझं नाव सांगा. दर नव्या लॉटला सॉफ्ट जॉ बोअर करायचे. पहिला पीस आणि मग दर पंचविसावा, चकमधून काढून, हाताला गार लागेपर्यंत ठेवून मगच मापायचा. आणि डायल गेजवर विसंबायचं नाही. थ्री पॉइंट मायक्रोमीटरची ऑर्डर दिली आहे. त्याचे तीन पाय एकदम तिन्ही फुगवट्यांवर बसतात, थोडं फिरवलं की तिन्ही दबलेल्या जागांवर. दोन वाचनांत फरक पडला की चोर सापडला. पस्तीस हजारांच्या आसपास किंमत आहे. जूनमध्ये कुणी सांगितलं असतं तर मी महाग म्हटलं असतं.

खंडेनवमीला यंदा नारळ वाढवताना तुमच्यातले निम्मे गप्प होते, बायका-पोरं तर फार थोड्यांनी आणली. तेव्हाच मला बोलायला हवं होतं, आठ दिवस उगाच घालवले. आता दर महिन्याच्या आठ तारखेला गेल्या महिन्याचं बिल, एमआरचे पीस आणि बाहेर अडकलेले पैसे, असे तीन आकडे या बोर्डवर लिहिले जातील. मी लिहीन, मी नसलो तर ताई लिहितील. शनिवारी सव्वातीनला कॉम्प्रेसर बंद ठेवायला सांगितलं आहे, दोन्ही शिफ्टनी एकत्र थांबा. ज्याला जे विचारायचं ते विचारा, लेखी हवं तर चिठ्ठी ऑफिसच्या खिडकीतून टाका, नाव घातलं नाही तरी चालेल.

मायक्रोमीटर मंगळवारी येतोय. खोकं मामांनी उघडायचं आणि पहिला पीस त्या २१२ मधलाच मापायचा. दोन पीस मी कपाटात ठेवलेत.

तुमचा,
शॉपचा मालक
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर